आपल्या घरातील धूर आणि आपली मुले

गोंदिया जिल्ह्यात तंबाखूचा विषय निघाला की बोलणे बहुधा खर्र्याकडे वळते, आणि ते स्वाभाविकही आहे. कारण पानठेल्यावर घोटून दिल्या जाणाऱ्या त्या पदार्थाने या मुलखातील कित्येकांची तोंडे आखडली आहेत आणि कित्येकांना कर्करोगाच्या वाटेला लावले आहे. २०१६-१७ सालच्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी तंबाखू खाणारे शेकडा चोवीसांच्या घरात, तर ती ओढणारे शेकडा सहाच आढळले, तेव्हा धुराचा प्रश्न आपल्याकडे गौण आहे असा समज होणेही सोपे आहे. परंतु खर्रा खाणाऱ्याचा खर्रा त्याच्या शेजारी निजलेल्या मुलाच्या पोटात जात नाही, आणि विडी, सिगारेट किंवा हुक्का ओढणाऱ्याचा धूर मात्र घरातील प्रत्येकाच्या छातीत जातो, हा भेद त्या आकड्यांत दिसत नाही. त्याच पाहणीत देशभरातील प्रौढांपैकी शेकडा ३८.७ जणांना स्वतःच्या घरातच दुसऱ्याचा धूर घ्यावा लागतो असे निष्पन्न झाले. त्या पाहणीत बालकांची गणती नव्हती.

सार्वजनिक जागी धूम्रपान करण्यास २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर मनाई आहे, आणि महाराष्ट्र सरकारने २०१८ साली कायद्यात दुरुस्ती करून हुक्का पार्लरांवरही बंदी घातली. या दोन्ही हुकुमांचा अंमल घराच्या दाराशी संपतो. आतील बंदोबस्त घरच्या माणसांनीच करावयाचा आहे, आणि तो कसा करावा, कोणत्या उपायांवर विसंबून राहू नये, एवढ्यापुरताच हा लेख आहे.

प्रथम हा धूर येतो कोठून ते पाहू. सिगारेट ओढणारा मनुष्य झुरका घेऊन जो धूर सोडतो तो घरात पसरणाऱ्या धुराचा लहान हिस्सा असतो. मोठा हिस्सा दोन झुरक्यांच्या मधल्या वेळात, हातातली सिगारेट नुसती धुमसत असताना, तिच्या पेटत्या टोकातून निघतो. तो कमी उष्णतेवर अर्धवट जळलेला असल्यामुळे, आणि त्याच्या वाटेत कोणतीही गाळणी नसल्यामुळे, वजनास वजन धरले तर ओढणाऱ्याच्या तोंडात जाणाऱ्या धुरापेक्षा अधिक विषारी असतो. विडीत तंबाखू सिगारेटपेक्षा पुष्कळच कमी असते, म्हणून तिला निरुपद्रवी मानण्याची प्रथा तेंदूपानांच्या जंगलांनी वेढलेल्या आणि विडीच्या कारखानदारीवर वाढलेल्या या जिल्ह्यात जुनी आहे. पण त्या थोड्या तंबाखूतून निघणारे डांबर आणि निकोटिन सिगारेटपेक्षा कमी नसते, बहुधा अधिकच असते.

आता एका खोलीचा हिशोब मांडू. आमगावजवळच्या एखाद्या खेड्यातील घर कल्पावे, आणि त्यातली निजावयाची खोली दहा फूट रुंद, बारा फूट लांब आणि नऊ फूट उंच, म्हणजे सुमारे ३० घनमीटर हवेची, असे धरावे. एका सिगारेटीतून अतिसूक्ष्म धूलिकणांचे साधारण १० मिलिग्रॅम बाहेर पडतात. दारे-खिडक्या लावलेल्या असतील तर ते त्या खोलीत पसरून दर घनमीटर हवेत सुमारे ३३० मायक्रोग्रॅम इतके होतात. बाहेरच्या हवेसाठी आपल्या देशात ठरविलेली मर्यादा चोवीस तासांच्या सरासरीने ६० मायक्रोग्रॅम आहे. सरासरीची आणि क्षणाची तुलना काटेकोर होत नाही हे खरे, तथापि प्रमाणाची कल्पना येण्यास ती पुरेशी आहे. खोलीतील हवा तासातून एकदा बदलते असे मानले, आणि पौषातल्या थंडीत गोंदियाकडच्या बंद घरात ती तितकीही बदलत नसेल, तर तासाभराने १२० मायक्रोग्रॅम उरलेले असतात. आणि तेवढ्यात घरच्या कर्त्याने दुसरी सिगारेट पेटविली तर नवे ३३० त्या उरलेल्यांवर चढतात. मूल मात्र रात्रभर तेथेच निजलेले असते.

या हिशोबावरून घरोघरी योजिल्या जाणाऱ्या उपायांची परीक्षा सहज होते. छताचा पंखा हवा ढवळतो, बदलत नाही. ओढणाऱ्याच्या नाकासमोरचा धूर तो पाळण्यापर्यंत पोहोचवितो एवढेच. उदबत्ती लावल्याने वास झाकला जातो आणि धुरात धुराची भर पडते. एक खिडकी उघडली तर वाऱ्याच्या दिशेप्रमाणे धूर बाहेर जाईल किंवा बाहेर जाणारा परत आत येईल. उन्हाळ्यात तर आपल्याकडे एक विशेष गोष्ट घडते, जिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही: खिडकीत बसविलेला कूलर बाहेरची हवा खेचून आत लोटतो, आणि घरातला वडील माणूस ‘आत नको’ म्हणून त्याच खिडकीखालच्या ओट्यावर विडी ओढीत बसतो. त्याची भावना चांगली असते, पण वाळ्याच्या ताट्यांतून तो धूर थेट मुलांच्या अंथरुणावर जातो. कूलर चालू असताना त्याच्या मागच्या बाजूस कोणी ओढीत बसणार नाही, ही तजवीज आजच करता येण्यासारखी आहे, आणि तिला एक पैसाही पडत नाही.

बालकाला हा धूर मोठ्या माणसापेक्षा अधिक का बाधतो, हे नीट समजले पाहिजे, कारण ‘आम्हीही असल्याच घरात वाढलो’ हे उत्तर पुष्कळ ठिकाणी ऐकू येते. प्रौढ मनुष्य विश्रांतीत मिनिटास बारा ते सोळा श्वास घेतो, तर काही महिन्यांचे मूल तीस-चाळीस घेते. म्हणजे देहाच्या वजनाच्या मानाने त्याच्या छातीत जाणारी हवा कितीतरी अधिक असते, आणि ती ज्या नळ्यांतून जाते त्या इतक्या अरुंद असतात की आतल्या अस्तराला थोडी सूज आली तरी वाट निम्मी होते. धुराने त्या अस्तरावरील केसासारखे तंतू मंदावतात. कफ वर ढकलण्याचे काम त्यांचे असल्यामुळे तो साचतो आणि जंतूंना आश्रय मिळतो. म्हणून अशा घरातील लहान मुलांना श्वासनलिकेचा दाह आणि न्यूमोनिया अधिक वेळा होतो, दम्याच्या मुलाला धाप अधिक वेळा व अधिक जोराने लागते. कानाचेही तसेच: घशातून मधल्या कानाकडे जाणारी नळी सुजून बंद झाली की कानात पाणी साचते, ते पिकते आणि कान वाहू लागतो, वाहता कान म्हणजे शाळेत न ऐकू येणारे मूल. पहिल्या वर्षातील निजलेल्या बाळाचा अकस्मात मृत्यू आणि घरातील धूर यांचा संबंधही वैद्यकाने निर्विवाद मान्य केला आहे. गर्भवती स्वतः ओढीत नसली आणि नवऱ्याचा धूर तिला घ्यावा लागला, तरी बाळाचे जन्मवजन घटते.

मोठ्यांविषयी थोडक्यात सांगतो. स्वतः कधीही न ओढलेल्या, पण ओढणाऱ्या पतीबरोबर राहणाऱ्या जपानी स्त्रियांना फुप्फुसाचा कर्करोग अधिक होतो, हे हिरायामा नावाच्या संशोधकाने ९१,००० हून अधिक स्त्रियांची चौदा वर्षे पाहणी करून १९८१ साली दाखविले, आणि पुढील अभ्यासांनी त्यास दुजोरा दिला. हा धोका शेकडा वीस ते तीसांनी वाढतो. हृदयविकाराचा धोकाही जवळजवळ तितकाच, शेकडा पंचवीस ते तीसांनी, वाढतो. हृदयरोग झालेले वडील किंवा दम्याची आई ज्या घरी असेल त्या घराने हे अवश्य ध्यानी घ्यावे, कारण हृदयावर होणारा परिणाम थोड्या धुरानेही होतो.

मग बाहेर जाऊन ओढले तर? हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याचे उत्तरही प्रामाणिकपणे दिले पाहिजे. स्वीडनमध्ये लहान मुलांच्या लघवीतील कोटिनिन मोजले गेले. कोटिनिन म्हणजे शरीरात गेलेल्या निकोटिनचे होणारे रूपांतर. न ओढणाऱ्यांच्या घरातील मुलांच्या मानाने, ज्यांचे आईबाप घरातच ओढीत त्यांच्या मुलांत ते सुमारे पंधरा पट आढळले. उघड्या दाराशी उभे राहून ओढणाऱ्यांच्या मुलांत दुपटीहून अधिक. आणि दार घट्ट लावून बाहेर ओढणाऱ्यांच्या मुलांत दुप्पट. म्हणजे बाहेर जाण्याने फार मोठा फरक पडतो, आणि तरीही काही उरतेच. जो आज सोडू शकत नाही त्याने निदान दार लावून अंगणाच्या पलीकडे जावे. ओढून झाल्यावरही काही मिनिटे त्याच्या श्वासातून विषारी वायू येत राहतात म्हणून तेवढा वेळ तेथेच थांबावे. हात साबणाने धुवावेत, चूळ भरावी, आणि बाळाला उचलण्यापूर्वी अंगातला सदरा बदलावा. ओढण्यासाठी एक वेगळा सदरा किंवा दुपट्टा बाहेरच्या खुंटीवर ठेवला तर हे सोयीचे पडते. मोटारीत मात्र कोणतीही मुभा असू नये. तेथील हवा खोलीच्या दहाव्या हिश्श्याइतकीच असल्यामुळे वरचा हिशोब तितक्याच पटीने बिघडतो.

हुक्क्याची गोष्ट निराळी आहे आणि तिच्याविषयी गैरसमजही निराळे आहेत. पार्लर बंद झाल्यावर काही घरांत तो वरच्या मजल्यावर, मुलांच्या खोलीत किंवा पाहुण्यांच्या बैठकीत ठेवला जातो, आणि फळांचा सुवास व तळाचे पाणी या दोन गोष्टींमुळे तो स्वच्छ वाटतो. पाणी धूर थंड करते. त्याने तो घशाला सुसह्य होतो, म्हणून अधिक खोल ओढला जातो. विषारी वायूंना आणि सूक्ष्म कणांना पाणी अडवीत नाही. सिगारेट पाच-सात मिनिटांत संपते, हुक्क्याची बैठक तासभर चालते. तेवढ्या वेळात ओढणाऱ्याच्या छातीत जाणारा धूर शंभर सिगारेटींच्या धुराइतका असू शकतो, असा इशारा जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००५ साली दिला.

पण घरातील इतरांच्या दृष्टीने खरा धोका चिलमीवरच्या जळत्या कोळशाचा आहे. तो सारा वेळ कार्बन मोनॉक्साइड सोडीत असतो, कोणी झुरका घेवो न घेवो. हा वायू रंगहीन व गंधहीन आहे. रक्तातील प्राणवायूची जागा तो घेतो. तंबाखूविरहित, ‘हर्बल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मिश्रणालाही कोळसा तोच लागतो, तेव्हा त्या नावाने घरच्यांची सुटका होत नाही. बंद खोलीत हुक्का चालू असताना एकाहून अधिक माणसांचे डोके एकाच वेळी दुखू लागले, मळमळ, चक्कर किंवा अनावर गुंगी आली, लहान मूल अकारण मलूल झाले आणि बाहेर मोकळ्यावर नेताच सर्वांना बरे वाटू लागले, तर तो पित्ताचा किंवा उन्हाचा त्रास मानू नये. कोळसा ताबडतोब घराबाहेर काढावा, सर्वांना उघड्यावर आणावे, आणि कोणी गोंधळल्यासारखे बोलत असेल किंवा जागे होत नसेल तर त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे. गर्भवतीला लक्षणे सौम्य असली तरी न्यावे, कारण गर्भाला हा वायू आईपेक्षा अधिक बाधतो. थंडीत दार लावून निजताना आत ठेवलेली शेगडीही याच वायूने जीव घेते.

धूर दिसेनासा झाला म्हणजे मामला संपला असे नाही. भिंती, पडदे, गोधड्या, गाद्यांतला कापूस, मुलांची खेळणी, जमिनीवरची धूळ, यांवर त्याचा एक चिकट थर बसतो, आणि त्यातील निकोटिन आठवडे-महिने हळूहळू हवेत परत येत राहते. या उरलेल्या विषास तिसऱ्या हाताचा धूर असे नाव मिळाले आहे. घरातील गॅसच्या ज्योतीतून निर्माण होणाऱ्या नायट्रस आम्लाशी हे निकोटिन संयोग पावून नायट्रोसामिन वर्गातील कर्करोगकारक द्रव्ये तयार होतात, हे कॅलिफोर्नियातील बर्कली येथील प्रयोगशाळेने २०१० साली सिद्ध केले. त्याच प्रांतातील सॅन डिएगो येथे, ओढणारी कुटुंबे सोडून गेल्यावर स्वच्छ करून सुमारे दोन महिने रिकामी राहिलेली घरे तपासली, तेव्हा धूळ आणि भिंती यांवर निकोटिन होतेच, आणि तेथे नव्याने राहावयास आलेल्या न ओढणाऱ्या माणसांच्या बोटांवरही ते आढळले. हा अंश एकटाच किती आजार घडवितो याचे मोजमाप अजून चालू आहे, आणि प्रत्यक्ष धुराइतका तो घातक आहे असे मी म्हणणार नाही. पण जमिनीवर रांगणारे, हात तोंडात घालणारे, चादरीचे टोक चोखणारे मूल त्याच्याशी सर्वांत जवळचा संबंध ठेवून असते, हे उघड आहे.

म्हणून साफसफाईचा क्रम चुकू नये. ओढणे आत चालू असताना केलेली सफाई व्यर्थ जाते, तेव्हा आधी धूर बंद, मग धुणे. तेलरंग दिलेली भिंत, दारे, खिडक्यांचे गज, पंख्याची पाती आणि फरशी साबणाच्या गरम पाण्याने पुसावी, पाणी पिवळे येईल तोवर बदलीत राहावे, आणि मग व्हिनेगर मिसळलेल्या पाण्याचा हात द्यावा. निकोटिन अल्कधर्मी असल्यामुळे आम्लात ते चांगले सुटते. व्हिनेगर आणि ब्लीचिंग पावडर मात्र कदापि एकत्र करू नये, त्यातून क्लोरीन वायू निघतो. न धुता वरून रंग दिला तर काही दिवसांनी डाग आणि वास दोन्ही वर येतात. मातीची भिंत धुता येत नाही. तिचा वरचा पोपडा खरवडून, ती माती बाहेर टाकून, नवी छपाई करावी, आणि खरवडताना मुलांना घराबाहेर ठेवावे. कपडे व पडदे दोन-तीनदा गरम पाण्यात धुतले म्हणजे पुष्कळ सुधारतात. कापसाच्या जुन्या गादीत मुरलेला अंश उन्हात टाकून जात नाही. सर्व गाद्या बदलणे परवडत नसेल तर बाळाचे अंथरूण तेवढे नवे करावे, आणि ते ओढणाऱ्याच्या अंथरुणापासून वेगळे ठेवावे.

खरी अडचण सांगण्याची आहे. घरात विडी ओढणारे बहुधा सासरे असतात, आणि बाळ कुशीत घेऊन बसलेल्या सुनेने ‘मामाजी, इथे ओढू नका’ असे म्हणणे आपल्या रीतीत बसत नाही. तिच्यावर हे ओझे टाकूही नये. हे काम मुलाचे आहे, आणि त्याने ते भांडणाच्या वेळी न करता सकाळी, एकांतात, नियम सर्वांसाठी एकच ठेवून करावे: “बाबा, बाळाला सारखा कफ होतो आहे. आजपासून घरात आणि ओसरीवर कोणीच ओढायचे नाही, मीसुद्धा नाही. तुमच्यासाठी चिंचेखाली बाज टाकून देतो.” जागा दाखवून दिली म्हणजे मनाईचा अपमान वाटत नाही. तरीही शब्द अडत असेल तर आशाताईंना मध्ये घालावे. बाळंतपणानंतरच्या बेचाळीस दिवसांत त्यांच्या घरभेटी ठरलेल्या असतात. बाहेरच्या, सरकारी कामाने आलेल्या व्यक्तीने सर्वांसमक्ष दिलेली ताकीद वडीलधाऱ्यांनाही मानता येते. त्याच भेटीत बाळंतिणीच्या खोलीतील धुरीचा विषयही काढावा, कारण बंद खोलीत शेगडीवर ओवा किंवा शेपा टाकून केलेला धूरही बाळाच्या छातीत धूरच असतो. पाहुण्यांसाठी घरातले राखपात्र उचलून टाकावे. ते दिसले नाही म्हणजे बहुतेक जण आपण होऊन बाहेर जातात.

चुलीच्या धुराचे काय, असे कोणी विचारील. चूलही मुलांना बाधते, आणि ती असताना विडीचा धूर त्यात भरच घालतो. एकामुळे दुसऱ्याला माफी मिळत नाही. मुलाचा खोकला कोणत्या धुराचा, हे घरी ओळखण्याचा एक ओबडधोबड मार्ग आहे: स्वयंपाकाच्या वेळी वाढतो की रात्री निजण्याच्या खोलीत, आजोळी गेल्यावर कमी होतो काय, याची आठवडाभर तारखेवार नोंद ठेवावी आणि डॉक्टरांना दाखवावी, घरात कोण, कोठे, किती ओढतो हेही आपण होऊन सांगावे, कारण ते विचारायचे राहून जाते आणि मूल औषधावर औषध घेत राहते. परंतु दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास मिनिटास ६० किंवा अधिक, वर्षाखालील मुलाचे ५० किंवा अधिक, आणि त्यापुढे पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचे ४० किंवा अधिक भरले, श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असला, किंवा बाळ अंगावर पिईनासे झाले, तर नोंदीसाठी थांबू नये. श्वास मूल शांत असताना, पोट उघडे करून, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजावेत, आणि तडक प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा गोंदियाचे शासकीय रुग्णालय गाठावे.

जो सोडू इच्छितो त्याच्यासाठी १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक विनामूल्य आहे. तेथील समुपदेशक सोडण्याची तारीख ठरवून घेतात आणि पुढेही विचारपूस करतात. पहिले तीन-चार दिवस तलफ, चिडचिड आणि झोपमोड सर्वांत तीव्र असते, आणि नेमक्या त्याच दिवसांत मनुष्य पुन्हा घरातच पेटवतो. म्हणून ही तारीख सोयरिकीच्या किंवा धानकापणीच्या धांदलीत धरू नये, आणि त्या आठवड्यात घरच्यांनी त्याच्या तिरसट बोलण्याला उत्तर देण्याचे तहकूब ठेवावे.